चावल्यावर कळ येणारं क्लास टू कंपोझिट: दोष आकुंचनाचा की लाइटचा?

तक्रार नेहमीचीच. खालची दाढ, दोन दातांच्या फटीतली कीड, म्हणजे क्लास टू. कंपोझिट भरलं, पॉलिश केलं, पेशंट खूश होऊन गेला. चार-पाच दिवसांनी फोन येतो, "मॅडम, त्या बाजूनं भाकरी चावताच येत नाही. नुसतं बसलं तर काही नाही, पण दाबलं की कळ जाते." गार पाण्यानं थोडं झणझणतं, लगेच थांबतं. रात्री ठणका नाही. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही.

मी बरीच वर्षं अशा प्रत्येक केसला एकच उत्तर द्यायचे: पॉलिमरायझेशन श्रिंकेज, कंपोझिट आकसतंच, त्याला कोण काय करणार. मग हाय पॉइंट काढायचा, डिसेन्सिटायझर लावायचा, महिनाभर थांबायला सांगायचं. काही दात शांत व्हायचे. उरलेल्यांपैकी काहींची शेवटी रूट कनाल झाली, आणि त्यातल्या निदान काही वाचल्या असत्या असं आता वाटतं. एका दाढेनं माझा हा समज मोडला. तिच्यापासूनच सुरुवात करते.

ती ३६

डावीकडची खालची पहिली दाढ, मागच्या बाजूची कीड, म्हणजे डिस्टल बॉक्स. पेशंट तिशीतल्या शिक्षिका. भरल्यावर पाचव्या दिवशी आल्या. आर्टिक्युलेटिंग पेपर लावला, मार्जिनल रिजवर एक गडद ठिपका होता, तो काढला. आठवड्यानं पुन्हा आल्या, कळ तशीच. पुन्हा पेपर, पुन्हा थोडं घासलं, खरं तर काढण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या वेळी मी फिलिंग उघडायचं ठरवलं.

उघडण्याआधी दोन गोष्टी तपासल्या, कारण या तक्रारीत त्यांचा भास होतो. पहिली म्हणजे तडा. प्रत्येक कस्पवर एकेक करून चावायला दिलं. चावताना नाही, पण सोडताना झटकन कळ आली की तड्याचा संशय घ्यायचा. इथे दाबतानाच कळ येत होती, एका कस्पवर नाही तर फिलिंगच्या मध्यावर. दुसरी म्हणजे पल्प. थंडीची कळ दोन-तीन सेकंदांत विरत होती, आपोआप दुखणं नव्हतं. म्हणजे नस अजून शाबूत होती.

भूल दिली, रबर डॅम लावला आणि बर चालवला. वरचे दोन मिलिमीटर दगडासारखे कडक. ते उतरल्यावर पाणी बंद करून मी एक्सकॅव्हेटर घेतला आणि बॉक्सच्या तळाशी, जिंजायव्हल फ्लोअरजवळ नेला. तो रुतला. हलकं दाबल्यावर एक खपलीच्या खपली निघून आली, खडूसारखी निस्तेज, टोक घासलं की चिकट. तिच्या मागे डेंटिनवर बाँडिंगची चकाकीसुद्धा उरली नव्हती. तळ क्युअर झालाच नव्हता.

हे दिसल्यावर आकुंचनाची माझी गोष्ट तिथेच संपली. कच्चं राहिलेलं कंपोझिट जास्त आकसत नाही, उलट कमी आकसतं. मोनोमरचे रेणू एकमेकांना जोडले जातात तेव्हाच ते जवळ येतात. जोडणीच झाली नाही तर आकुंचन कुठलं?

आकुंचन म्हणजे नक्की काय होतं

द्रव रेझिनमध्ये मोनोमर एकमेकांपासून सुटे असतात. बंध तयार झाला की दोन रेणूंमधलं अंतर निम्म्याहून कमी होतं. हे कोट्यवधी वेळा घडलं की सगळ्या गोळ्याचं आकारमान घटतं. भरपूर फिलर असलेल्या नेहमीच्या कंपोझिटमध्ये ही घट साधारण २ ते ३ टक्के असते. फ्लोएबलमध्ये फिलर कमी आणि रेझिन जास्त, म्हणून घटही जास्त, काहींत ४-५ टक्क्यांपर्यंत.

पण दातात त्रास टक्क्यांचा नसतो, ताणाचा असतो. क्युअरिंगच्या सुरुवातीला कंपोझिट अजून वाहू शकतं. मोकळ्या पृष्ठभागावरून थोडं खाली सरकतं आणि आकुंचन भरून काढतं. एकदा जेल झालं की वाहणं बंद. त्यानंतरचं सगळं आकुंचन भिंतींना ओढतं. आता कुठल्या तरी एकाला हार मानावी लागते: बाँड सुटतो, नाहीतर इनॅमलच्या कडेला बारीक चीर जाते, नाहीतर कस्प आत वाकतात.

किती ओढ बसेल हे भिंती किती आणि मोकळी बाजू किती यावर ठरतं. १९८७ साली फाइल्झर, डी गी आणि डेव्हिडसन यांनी याला मोजमाप दिलं, तोच सी-फॅक्टर. चिकटलेल्या बाजू भागिले मोकळ्या बाजू. पेटीसारख्या क्लास वनमध्ये पाच भिंती आणि एकच मोकळी बाजू, म्हणजे ५. कॉलेजमध्ये सगळे हे पाठ करतो आणि मग क्लास टूच्या प्रत्येक अपयशाला तेच लेबल लावतो. गंमत अशी की एका बाजूला बॉक्स उघडा असला की क्लास टूचा सी-फॅक्टर क्लास वनपेक्षा कमीच भरतो. निव्वळ सी-फॅक्टरवर गेलं तर तक्रारी क्लास वनच्या जास्त यायला हव्यात. माझ्याकडे तरी तसं नव्हतं. बहुतेक तक्रारी बॉक्सच्या होत्या, आणि त्यातही मागच्या बॉक्सच्या. तेव्हाच शंका यायला हवी होती.

बॉक्सच्या तळाशी उजेड किती पोचतो

त्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करण्याआधी मी लाइट क्युअर गन हातात घेऊन नीट पाहिली. टिपच्या काचेवर मसुराच्या डाळीएवढा कंपोझिटचा डाग घट्ट बसलेला. तो कधीपासून होता कोणास ठाऊक. बाकी काचही धुरकट. असिस्टंट म्हणाली, "मॅडम, त्यावर आपण रोज कव्हर घालतो ना, म्हणून लक्ष गेलं नाही." कव्हर चांगलंच, संसर्गासाठी हवंच. पण त्याची शिवण किंवा सुरकुती टिपच्या तोंडावर आली की तेही थोडा उजेड खातं. कव्हर ताणून, शिवण बाजूला घेऊन घालायचं आणि कव्हर घातलेलं असतानाच रेडिओमीटरवर आकडा पाहायचा, कारण दातात तेवढाच उजेड जाणार असतो.

रेडिओमीटरवर ठेवलं तर ६२० मिलिवॅट प्रति चौरस सेंमी. नवीन असताना हीच गन हजाराच्या आसपास दाखवायची. हातातल्या छोट्या रेडिओमीटरचा आकडा खरा मानू नये. दोन मीटर दोन आकडे दाखवतात. पण तोच मीटर, तीच गन, दर आठवड्याला मोजली तर घसरण मात्र खरी कळते.

आता अंतर. विल्यम्स प्रोब उघडलेल्या बॉक्समध्ये टाकला होता. कस्पच्या टोकापासून जिंजायव्हल फ्लोअरपर्यंत ७ मिलिमीटर. आपण टिप कस्पवर टेकवतो आणि समजतो की लाइट टेकलेली आहे. टेकलेली असते ती कस्पला. तळ सात मिलिमीटर खाली आहे. इतक्या अंतरावर काही गनचा उजेड निम्म्यावर येतो, काहींचा त्याहूनही कमी. टिपची रचना कशी आहे त्यावर ते ठरतं. ज्यांचा झोत पसरतो त्यांचं नुकसान मोठं, ज्यांचा झोत सरळ जातो त्यांचं कमी.

तिसरी गोष्ट कोन. दात मागे, तोंड कमी उघडतं, गनची मान वाकडी. नकळत टिप पुढून तिरपी होते आणि झोत मागच्या बाजूला झुकतो. डिस्टल बॉक्समध्ये असा तिरपा उजेड आला की बॉक्सची आतली, म्हणजे ॲक्सिअल भिंत मध्ये येते आणि तिची सावली नेमकी तळाच्या आतल्या कोपऱ्यावर पडते. मेझिअल बॉक्समध्ये हेच काम शेजारचा दात आणि धातूचा बँड करतात. वरून पाहणाऱ्याला सगळा दात निळा चमकताना दिसतो. सावली कोणाला दिसत नाही, कारण त्या दहा सेकंदांत आपण पाहतच नसतो. डोळे मिटतो, मान वळवतो, असिस्टंटशी बोलतो, आणि हात एक-दोन मिलिमीटर सरकतो.

याच गोष्टीवर कॅनडातल्या डलहाउसी विद्यापीठाचे रिचर्ड प्राइस यांनी बरंच काम केलं आहे. त्यांच्या मार्क नावाच्या सिम्युलेटरमध्ये पुतळ्याच्या दातातल्या कॅव्हिटीत सेन्सर बसवलेला असतो. तुम्ही नेहमीसारखं क्युअर करायचं आणि तळाशी खरोखर किती ऊर्जा पोचली ते पडद्यावर पाहायचं. एकच गन, एकच दात, तरी हातागणिक आकडे वेगळे येतात, आणि डोळ्यांवर नारिंगी चष्मा घालून टिपकडे बघत क्युअर करायला शिकवलं की ते सुधारतात.

माझा हिशोब करून पाहिला. ऊर्जा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. गनच्या बटणावर १० सेकंदांचा मोड होता, तोच मी वापरत होते. टिपशी ६२०, तळाशी निम्मे धरले तर ३१०. दहा सेकंदांत ३१०० मिलिजूल, म्हणजे प्रति चौरस सेंमी जेमतेम ३ जूल. दोन मिलिमीटरच्या थरासाठी १६ जूल हा एक ढोबळ आकडा वापरात आहे. शेड आणि कंपनीनुसार तो बदलतो, गडद आणि अपारदर्शक शेडना जास्त लागतो. पण ३ कुठे आणि १६ कुठे. आणि तिरपेपणाचं नुकसान मी अजून धरलंच नव्हतं.

दवाखान्यातच करायची चाचणी

हिशोबावर माझा पूर्ण विश्वास बसेना, म्हणून आयएसओ ४०४९ या मानकातली खरवडण्याची चाचणी करून पाहिली. कोणालाही जमेल. लेथवाल्याकडून स्टीलच्या नळीचा ६ मिमी लांब आणि आतून ४ मिमी रुंद तुकडा कापून घेतला. तो काचेच्या स्लॅबवर मायलर स्ट्रिप ठेवून उभा केला, कंपोझिट ठासून भरलं, वर पुन्हा स्ट्रिप. मग क्युअर करून लगेच दांडी बाहेर ढकलायची आणि खालचा मऊ भाग प्लास्टिकच्या स्पॅच्युलानं खरवडून टाकायचा. उरलेली कडक दांडी व्हर्नियरनं मोजायची आणि लांबी अर्धी करायची. अर्धी कशासाठी? खरवडल्यावर जे टिकतं ते सगळंच नीट क्युअर झालेलं नसतं. मऊ भागाच्या सीमेवरचं कंपोझिट खरवडायला कडक लागतं, पण आतून अर्धवटच असतं.

आधी स्वच्छ टिप, स्ट्रिपवर टेकवून, २० सेकंद: ५ मिमी उरलं, म्हणजे २.५. मग जुनी पद्धत. डाग तसाच असलेली जुनी टिप लावली, दोन बाजूंना मेणाच्या पट्ट्या ठेवून टिप ७ मिमी वर धरली, १० सेकंद. उरलं २.४ मिमी, अर्धं केलं तर १.२. आणि मी तळाचा पहिला थर किती जाड घालत होते? अडीच-तीन मिलिमीटर, कारण बॉक्स खोल होता आणि पेशंट घाईत.

दोन्ही दांड्यांचा वरचा पृष्ठभाग एक्सप्लोररला सारखाच कडक लागत होता. ते मी दोनदा तपासलं. वरून टोचून "झालं क्युअर" म्हणण्याची सवय त्या दिवशी सोडली.

कच्चा तळ आणि खरा आकुंचनदोष यांतला फरक

दोन्हींची तक्रार एकसारखी वाटते, कारण कळ येण्याची यंत्रणा एकच आहे. फिलिंगखाली पोकळी किंवा दबणारा भाग असला की चावताना ते दबतं, डेंटिनच्या नलिकांमधला द्रव हलतो आणि नसेला कळ लागते. फरक उघडल्यावर कळतो.

कच्चा तळ असेल तर एक्सकॅव्हेटर रुततो, तुकडा चिकट किंवा खडूसारखा निघतो, आणि हे हमखास बॉक्सच्या तळाशी किंवा आतल्या कोपऱ्यात असतं. वर्षभरानंतर आलेल्या केसमध्ये तिथेच कडेनं पुन्हा कीड धरलेली दिसते. काही वेळा बाइटविंगमध्ये तळाशी काळी रेघ असते. पण रेडिओपेक नसलेलं बाँडिंग साचलं तरी तशीच रेघ दिसते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

खरा आकुंचनदोष असेल तर कंपोझिट खालपर्यंत कडक असतं, बर लागतो, आणि खाली पातळ फट असते. ती बहुतेक पल्पल फ्लोअरवर, खोल क्लास वनमध्ये सापडते. इनॅमलच्या कडेला पांढरी रेघ दिसणं हीही एक खूण आहे, पण तीही नेहमी आकुंचनाची नसते. कोरड्या डिस्कनं जोरात फिनिशिंग केलं तरी इनॅमलच्या कडा फुटून तशीच रेघ उमटते. भरल्याबरोबर, फिनिशिंगच्या आधीच रेघ दिसली तर आकुंचन, नंतर दिसली तर आधी आपल्या हातावर संशय घ्यावा.

अशी एक खरी केस मला लगेच पुढच्याच महिन्यात मिळाली. वरची दाढ, खोल क्लास वन, सगळं खालपर्यंत कडक, आणि पल्पल फ्लोअरपासून सुटलेलं. तिथे लाइटचा काही दोष नव्हता. मी एका दमात मोठा तुकडा ठासला होता. तिथे खाली ग्लास आयनोमरचा थर देऊन कंपोझिटचं आकारमान कमी केलं, वरचं दोन थरांत भरलं. कळ थांबली.

आता मी बॉक्स कसा भरते

थर का घालायचे यावर वाद आहे, आणि तो माहीत असलेला बरा. थरांनी ताण कमी होतो हे आपण गृहीत धरतो. पण व्हर्सलुइस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली संगणकीय प्रतिमानावर दाखवलं की थरागणिक भरताना कस्प थोडे थोडे आत ओढले जातात आणि पुढचा थर त्या आधीच वाकलेल्या भिंतींमध्ये बसतो, त्यामुळे शेवटचं वाकणं एकदम भरण्यापेक्षा जास्तही होऊ शकतं. माझ्या मते थरांचा खरा फायदा दुसरीकडे आहे. पातळ थर तळापर्यंत क्युअर होतो आणि कोपऱ्यात नीट दाबता येतो. ताणाचं जे काही कमी-जास्त होईल ते होवो.

ती ३६ पुन्हा भरली ती अशी. रबर डॅम, सेक्शनल मॅट्रिक्स, वेज घट्ट. वेज सैल असेल तर तळाला बँड दाताला टेकत नाही आणि पुढचं सगळं वाया जातं. एचिंग, बाँडिंग, हवेनं पातळ केलं आणि बाँडिंग २० सेकंद क्युअर केलं. इथे १० वर भागवण्याचा मोह होतो, कारण थर दिसतही नाही. पण तळ सात मिलिमीटर खाली आहे हे बाँडिंगलाही लागू आहे. ते कच्चं राहिलं तर वरच्या कंपोझिटच्या ओढीसमोर ते सगळ्यात आधी सुटतं.

मग तळावर रेडिओपेक फ्लोएबल, अर्धा मिलिमीटर, फार तर एक. प्रोबच्या टोकानं कोपऱ्यात पसरवलं आणि दोनदा २०-२० सेकंद. फ्लोएबलनं अख्खा बॉक्स भरायचा मोह झाला तर त्याच्या आकुंचनाचा आकडा आठवावा. बल्क फ्लोएबल वेगळं, ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

त्यानंतर बॉक्सची बाहेरची भिंत, बँडला टेकवून, दीड मिलिमीटर जाडीची, मार्जिनल रिजच्या उंचीपर्यंत दोन टप्प्यांत. प्रत्येक टप्पा प्रोबनं मोजला, दोन मिलिमीटरच्या वर नाही. अंदाजानं घातलेला थर नेहमी जाड निघतो, माझा तर हमखास. ही भिंत उभी राहिली की क्लास टूचा क्लास वन होतो आणि बँड काढता येतो. बँड निघाल्यावर समोर काय आहे ते नीट दिसतं, आणि टिपला तिरपं व्हायचं कारणही कमी होतं.

उरलेला क्लास वन तिरप्या थरांनी. आधी गालाच्या बाजूच्या भिंतीला टेकवून, क्युअर, मग जिभेच्या बाजूचा, क्युअर. एकच थर दोन्ही कस्पना एकाच वेळी चिकटवायचा नाही. प्रत्येक थराला २० सेकंद, टिप दाताच्या पृष्ठभागाला समांतर, शक्य तितकी जवळ. शेवटी, बँड निघालेला असल्यामुळे, गालाच्या आणि जिभेच्या बाजूनं बॉक्सच्या तळावर २०-२० सेकंद. वरून पोचला नसेल तो उजेड इथून पोचतो.

एक गैरसमज इथेच निस्तरते. "कंपोझिट लाइटच्या दिशेनं आकसतं, म्हणून बाजूनं क्युअर करा म्हणजे ते कडेकडे ओढलं जाईल", असं मलाही शिकवलं होतं. व्हर्सलुइस यांनीच १९९८ मध्ये हा प्रश्न तपासला. कंपोझिट कुठल्या दिशेनं आकसेल हे ते कुठे चिकटलं आहे आणि कुठे मोकळं आहे यावर ठरतं, लाइट कुठून आली यावर नाही. बाजूनं क्युअर करायचं ते उजेड पोचावा म्हणून.

सॉफ्ट स्टार्ट किंवा रॅम्प मोडबद्दल विचारणारे बरेच असतात. कल्पना बरोबर आहे: आधी मंद उजेड दिला की जेल उशिरा होतं आणि कंपोझिटला वाहायला वेळ मिळतो. प्रयोगशाळेत ताण कमी दिसतो. पेशंटवरच्या चाचण्यांत मात्र नजरेत भरेल असा फरक आलेला नाही. आणि रॅम्पमध्ये एकूण ऊर्जा कमी पडली तर आपण पुन्हा कच्च्या तळाकडे जातो. मोड लावायचा तर वेळ वाढवून लावा.

बल्क फिल वापरणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू. ४ मिमीची परवानगी त्या मटेरियलला आहे, तुमच्या गनला नाही. चार मिलिमीटरचा थर सात मिलिमीटर खोल बॉक्सच्या तळाशी पहिला म्हणून घातला तर त्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतच तीन मिलिमीटर अंतर आहे आणि त्याखाली चार मिलिमीटर कंपोझिट. नीट क्युअर केलेल्या बल्क फिलचे निकाल थरांच्या पद्धतीइतकेच चांगले येतात, याला चाचण्यांचा आधार आहे. फक्त कंपनीनं दिलेली वेळ आणि तीव्रता पाळायला हवी. त्यातल्या काहींत कॅम्फरक्विनोनखेरीज दुसरे इनिशिएटर असतात, ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड मागतात. गन फक्त ४७० च्या निळ्या पट्ट्यातली असेल तर ते पुरेसे जागे होत नाहीत. गनच्या माहितीपत्रकात हे एकदा पाहून घ्या.

वेळ वाढवण्याची मर्यादा

अंतरामुळे घटलेली तीव्रता वेळ वाढवून बऱ्याच अंशी भरून निघते, पूर्ण नाही. खूप मंद उजेड कितीही वेळ दिला तरी तोच परिणाम येत नाही. दुसरी मर्यादा उष्णतेची. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर दाखवलं होतं की पल्पचं तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअस वाढलं तर काही पल्प मरतात. खोल कॅव्हिटीत, पातळ डेंटिनवर, जोरदार गन सलग ४० सेकंद धरणं म्हणूनच बरं नाही. २० सेकंद, मग दोन-तीन सेकंद थांबून हवा मारायची, मग पुन्हा २०. असिस्टंट क्युअरिंग चालू असतानाच बाजूनं हवा मारत असेल तर अजून चांगलं. हिरडीवर टिप टेकू नये, भाजते. रबर डॅमच्या खालचा ओठही भाजल्याचं मी पाहिलं आहे.

आणि काही बॉक्सना कंपोझिटच चुकीचं. तळ इनॅमल संपून सिमेंटमवर गेला, रक्त थांबत नाही, वेज बसत नाही. अशा ठिकाणी कितीही नीट क्युअर केलं तरी डेंटिन-सिमेंटमवरचा बाँड इनॅमलइतका टिकत नाही. तिथे मी तळाशी रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर घालते आणि त्यावर कंपोझिट, किंवा पेशंटला सरळ ऑनलेबद्दल सांगते.

शिक्षिकांची ३६ पुन्हा भरल्यावर चावण्याची कळ चौथ्या दिवशी थांबली. गारवा अजून दोनेक आठवडे जाणवत होता, मग तोही गेला. सहा महिन्यांनी बाइटविंग काढलं, तळाची कड स्वच्छ होती.

ती डाग पडलेली टिप आता नळीच्या तुकड्याशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. दर सोमवारी पहिला पेशंट येण्याआधी असिस्टंट कव्हर घातलेल्या गनचा आकडा वहीत लिहिते. गेल्या सोमवारी ८९० होता. तिनं कव्हर काढून काच स्पिरिटनं पुसली, नवीन कव्हर ताणून घातलं आणि पुन्हा ठेवलं. ९७० आला, दोन्ही आकडे वहीत आहेत.